व्हिनेगर ‘नैसर्गिक’ आहे, म्हणून?

“पांढरं व्हिनेगर नैसर्गिक असल्यामुळे आधी कोपऱ्यात टेस्ट करायची काहीच गरज नाही. मार्बल, लाकूड, सोफा, कशावरही बिनधास्त फवारा. कपड्याचा रंग सुटला तरी घाबरू नका, तो जास्तीचा रंग असतो. व्हिनेगर आणि मिठाने रंग कायमचा पक्का होतो.”

हा फॉरवर्ड माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने तो बेसिनजवळच्या संगमरवरी कट्ट्यावर अमलातही आणला. “डाग घालवायला गेले आणि नवाच डाग पडला गं,” असा फोन आला. तो डाग नव्हताच, हे तिला पटवायला अर्धा तास गेला.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. नळावर साचणारा पांढरा क्षारही बहुतांशी तोच. घरातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अॅसेटिक आम्ल असतं. ते नळावरचा क्षार ज्या रासायनिक क्रियेने विरघळवतं, त्याच क्रियेने दगडही विरघळवतं. नळ चकचकीत झालेला बघून कट्ट्यावर तेच ओतणाऱ्याला हे कोण सांगणार? फवारल्यावर बारीक बुडबुडे दिसले तर ती सफाई नाही, दगड झिजतोय. म्हणजे हे द्रावण संगमरवरावर वापरायचंच नाही, टेस्टचासुद्धा प्रश्न येत नाही.

मावशीने ओल्या फडक्याने तीनदा पुसलं, तरी चट्टा जाईना. जाणार कसा? वर काही बसलेलंच नाही, उलट वरचा गुळगुळीत थर गेलाय. ओळखायचं असेल तर कट्टा कोरडा करून रात्रभर तसाच ठेवा. नुसतं पाणी मुरलं असेल तर गडद चट्टा सकाळपर्यंत फिका होतो. मग मोबाइलचा टॉर्च कट्ट्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. आजूबाजूला चकाकी आणि मधे पिठूळ, मंद ठिपका दिसला, बोटाला किंचित खरखरीत लागला, तर पृष्ठभाग खाल्ला गेलाय. त्याला पुन्हा पॉलिशच करावं लागतं.

आता रंगाबद्दल. नवा, गडद सुती कपडा पहिल्या एकदोन धुण्यांत थोडा मोकळा रंग सोडतो, एवढं खरं आहे, मान्य. पण तो ‘जास्तीचा’ रंग शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर बसला की तिथेही तो जास्तीचाच म्हणायचा का? आणि मीठ-व्हिनेगरचं खूळ निघालं कुठून, तर रंगवण्याच्या कामातून. सुती कापड रंगवताना मीठ घालतात, पण रंग धाग्याशी बांधला जातो तो सोड्यासारख्या अल्कलीमुळे. आम्ल लागतं ते लोकर-रेशमाच्या रंगांना, तेही रंगवतानाच, गरम पाण्यात. रंगवून झालेला सुती कपडा बादलीभर व्हिनेगर-पाण्यात बुडवून काही पक्कं होत नाही.

रंग सुटतो की नाही, हे तपासायची रीतसर पद्धत आहे. आयएसओ १०५-एक्स१२ या मानकात पांढरं सुती कापड ठरावीक दाबाने १० सेकंदांत १० वेळा घासतात, एकदा कोरडं, एकदा ओलं, आणि त्यावर उतरलेला रंग १ ते ५ अशा श्रेणीत मोजतात. घरी यंत्र नसतं, पण कल्पना तीच वापरता येते. सोफ्याच्या मागच्या खालच्या बाजूला आधी नुसत्या पाण्याने ओलसर केलेलं पांढरं फडकं १० वेळा घासा. इथेच रंग आला तर व्हिनेगरला दोष देऊ नका. तो कपडा नुसत्या पाण्यानेच रंग सोडतो. आला नाही, तर शेजारच्या जागी तेच द्रावण, प्रत्यक्ष वापरणार तेवढंच पातळ करून लावा, तेवढाच वेळ राहू द्या आणि स्वच्छ फडक्याने टिपा.

फडक्यावर करडा-तपकिरी डाग आला तर बहुधा मळ असतो. त्याच जागी कोरा भाग घेऊन पुन्हा टिपलं की मळ कमी कमी होत जातो. कपड्याच्याच रंगाची छटा मात्र तशीच येत राहते. आणि निकाल ओल्यावर लावू नका. ओलं कापड गडद दिसतं, त्यात फिकटपणा लपतो. पूर्ण वाळू द्या, मग उजेडात शेजारच्या भागाशी ताडून बघा. कडेला वलय, फिका ठिपका किंवा कडक झालेला स्पर्श तेव्हाच कळतो.

लाकडाबद्दल एकच. टेबलाच्या खालच्या बाजूला टेस्ट करून निश्चिंत होऊ नका, तिथे बहुतेक वेळा वरच्यासारखं पॉलिश नसतंच. वरच्या पॉलिशचाच एखादा न दिसणारा कोपरा घ्या, पायाची आतली बाजू चालेल. वाळल्यावर तिथे दुधाळ धूसरपणा आला तर थांबा.

मावशीने त्या चट्ट्यावर साबणदाणी ठेवलीय. फॉरवर्ड मात्र तिने आधीच चार जणींना पाठवलाय, त्यांना आता फोन लावतेय.