नाक दबतं म्हणून वजन पुढे जात नाही

"ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, म्हणून वजन पुढच्या चाकांवर येतं. स्प्रिंग कडक करा, नाक दबणार नाही आणि वजनही पुढे जाणार नाही. डिकी भरलेली असेल तर प्रश्नच नाही."

इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. पुढच्या चाकांवर भार वाढतो, म्हणून तिथले स्प्रिंग दबतात. गो-कार्टला सस्पेन्शनच नसतं, तिचं नाक दबत नाही, तरी ब्रेक लावल्यावर तिच्याही पुढच्या चाकांवर भार वाढतो.

हिशोब करून बघू. गाडी १००० किलोची, पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये २.५ मीटर अंतर. गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या १.४ मीटर पुढे आणि रस्त्यापासून अर्धा मीटर वर. मागचं चाक रस्त्याला टेकतं त्या बिंदूभोवती मोमेंट घ्यायचे. हाच बिंदू का? मागच्या चाकावरचा रस्त्याचा आधार आणि चारही चाकांचं घर्षण यांच्या रेषा त्याच्यातूनच जातात, त्यामुळे ती बलं हिशोबातून गळतात. उभ्या गाडीत पुढचा भार १००० × १.४ ÷ २.५, म्हणजे ५६० किलो.

आता गुरुत्वाच्या ०.७ पट मंदनाने ब्रेक लावला. गाडीसोबत बसून पाहिलं तर गुरुत्वमध्याला ७०० किलोइतकं जडत्वाचं बल पुढे ढकलतं. पुढच्या चाकांवरचा भार N धरला तर:

N × २.५ = १००० × १.४ + ७०० × ०.५

N येतो ७०० किलो. पुढे १४० वाढले, मागे ४४० चे ३०० उरले. बरेच विद्यार्थी इथेच चुकतात: जडत्वाचं पद विसरतात, उत्तर पुन्हा ५६० येतं आणि वजन सरकतच नाही असं वाटतं. बिंदू स्वतः मंदावतो आहे, म्हणून हे पद लागतंच.

या समीकरणात स्प्रिंग कुठेच नाही. भार किती सरकणार हे मंदन, वस्तुमान, गुरुत्वमध्याची उंची आणि ॲक्सलमधलं अंतर ठरवतं. तो किती वेळात सरकणार हे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर ठरवतात. नाक दबल्याने थोडा फरक पडतो, हे खरं. नाक ५ सेंटीमीटर खाली आणि शेपूट ३ वर गेली, तर गुरुत्वमध्य फार तर दीडएक सेंटीमीटर पुढे सरकतो. त्याने वाढतात साधारण ६ किलो. त्यासाठी स्प्रिंग कडक करून खडबडीत रस्त्यावर टायरची पकड घालवणं मला अजिबात पटत नाही.

डिकीत, मागच्या ॲक्सलच्या वर, अर्ध्या मीटर उंचीवर १०० किलो ठेवले, तर मागे एकूण भार जास्त राहतो. पण सरकणारा भार १४० चा १५४ होतो, कारण थांबवायचं वस्तुमानच वाढलं. तेच १०० किलो टपावरच्या कॅरिअरवर दीड मीटर उंचीवर बांधले, तर तो १८२ होतो.