सामान ठेवून घ्यावे, ही विनंती

विमान सकाळी साडेसातला नारिता विमानतळावर उतरणार होते आणि तोक्योतल्या उएनो भागातल्या आमच्या हॉटेलची खोली दुपारी तीन वाजता मिळणार होती. जपानमध्ये बहुतेक हॉटेलांत चेक-इन तीनच्या सुमारास असते आणि तीन म्हणजे तीनच, हे मला ठाऊक होते. विमानतळावरचे सोपस्कार आणि रेल्वेचा प्रवास धरून आम्ही दहाच्या सुमारास हॉटेलच्या दारात उभे असणार, म्हणजे आमच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे सकाळचे साडेसहा वाजलेले असणार, तेही विमानात बसून काढलेल्या रात्रीनंतरचे साडेसहा. पुढचे पाच तास दोन मोठ्या बॅगा आणि एक पत्नी यांच्यासह कोठे काढायचे, हा प्रश्न होता. पत्नीने तो माझ्याकडे सोपवला, कारण जपानी शिकत असल्याची बढाई गेले आठ महिने मीच मारत होतो.

इंग्रजीत दोन ओळी लिहून हा विषय संपला असता, हे मान्य आहे. परंतु आठ महिन्यांची फी भरलेला माणूस इंग्रजीत लिहीत नाही.

मराठी माणसाला पत्र म्हटले की आधी ‘सा. न. वि. वि.’ आठवते. मग जपानी लोक पत्राची सुरुवात कशी करतात, ते मी पुस्तकात पाहिले. तेथे ‘हाइकेइ’ या शब्दाने आरंभ करून पाठोपाठ ऋतूचे वर्णन करावे आणि शेवटी ‘केइगु’ म्हणून पत्र मिटवावे, असे दिले होते. हे मला फार आवडले. प्रवास एप्रिलमधला असल्याने चेरीच्या फुलांचा बहर, वाऱ्यातला सुखद उबदारपणा आणि हॉटेलच्या कर्मचाऱ्यांची उत्तरोत्तर होत असलेली भरभराट यांवर मी चार ओळी लिहिल्या. त्यानंतर मुद्द्यावर आलो. हॉटेलच्या संकेतस्थळावर सामान ठेवण्याच्या सोयीला ‘ओनिमोत्सु ओआझुकारी’ असे नाव होते. क्रियापदाला ‘ताइ’ जोडले की ‘मला करायचे आहे’ असा अर्थ होतो, हे मी दुसऱ्याच धड्यात शिकलो होतो. तेव्हा ‘आझुकारी’ला ‘ताइ’ जोडून ‘निमोत्सु ओ आझुकारीताइ देसु’ असे सुबक वाक्य तयार केले, खाली ‘कुरुकारुनी-सामा’ अशी सही केली आणि मसुदा भाचीकडे पाठवला. तिने जपानी भाषेची तिसऱ्या पातळीची परीक्षा दिलेली आहे आणि मामाविषयी तिला अजूनही थोडा आदर आहे, निदान तोपर्यंत होता.

पाच मिनिटांत तिचा फोन आला. बराच वेळ ती हसतच होती.

‘‘मामा, तुम्ही हॉटेलला काय कळवलंय, माहीत आहे का? ‘आम्हाला तुमचं सामान ठेवून घ्यायचं आहे.’ ते बिचारे स्वतःच्या बॅगा घेऊन तुमची वाट बघत बसतील.’’

मग तिने उलगडून सांगितले. जपानीत दोन जुळी क्रियापदे आहेत. ‘आझुकेरु’ म्हणजे आपण आपली वस्तू दुसऱ्याकडे ठेवणे आणि ‘आझुकारु’ म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपण ठेवून घेणे. संकेतस्थळ हॉटेलच्या तोंडून बोलत असते, म्हणून तेथे ‘आझुकारी’च असणार, तो शब्द पाहुण्याने जसाच्या तसा उचलला की यजमान आणि पाहुणा यांची अदलाबदल होते. मराठीत हे मला कोणी शिकवावे लागले नसते. शेजारी किल्ली द्यायला जाताना ‘किल्ली ठेवून घ्यायला आलोय’ असे मी आजवर कधीही म्हटलेले नाही. पण दुसऱ्याच्या भाषेत माणूस किल्ली द्यायला जातो आणि शेजाऱ्याचे घर ताब्यात घेऊन येतो.

‘‘मग ‘आझुकेताइ’ लिहू का?’’ मी विचारले.

‘‘चूक नाही, पण ते ‘मला ठेवायचं आहे’ असं होतं. विनंती करताना स्वतःच्या इच्छेवर वाक्य उभं करू नका. त्यांची कृती सांगा आणि ती तुम्हाला मिळते आहे, असं म्हणा. ‘आझुकात्ते इतादाकु कोतो वा कानो देशो का.’ म्हणजे, आपण सामान ठेवून घेण्याचा लाभ आम्हाला होणं शक्य असेल का?’’

गंमत अशी की, जो ‘आझुकारु’ मला नडला होता, तोच येथे परत आला होता. परंतु आता त्याच्या शेपटीला ‘इतादाकु’ लागले होते. ‘इतादाकु’ म्हणजे नम्रपणे मिळणे, स्वीकारणे. ठेवून घेणार ते, उपकृत होणार मी. एका शेपटीत एवढी सामाजिक व्यवस्था मावलेली पाहून मी थक्क झालो. आमच्याकडे ‘मेहेरबानी करून’ म्हणावे लागते आणि तेही बहुधा भांडणात म्हटले जाते.

सहीचे प्रकरण त्याहून लाजिरवाणे निघाले. ‘सामा’ ही बहुमानाची उपाधी दुसऱ्याच्या नावाला लावायची असते, स्वतःच्या नव्हे. मी सही केली होती, ती ‘आपला नम्र, श्रीमंत राजमान्य राजश्री कुलकर्णी’ या धर्तीची होती. नावाचे ‘कुरुकारुनी’ मात्र कायम राहिले, कारण जपानीत ‘ल’ नाही आणि एकटा उभा राहू शकेल असा ‘न’ सोडून दुसरा व्यंजनवर्ण नाही. प्रत्येक अक्षराला स्वराची काठी लागते, त्यामुळे आडनाव पाच अक्षरी आणि थोडे करुण होते. भाचीने हे कानात वाजणारे नाव आणि आरक्षणात नोंदलेले रोमन लिपीतले नाव, अशी दोन्ही लिहायला सांगितली, कारण समोरचा माणूस संगणकात कोणत्या नावाने शोधेल, ते आपल्या हातात नसते.

चेरीची फुले तिने एका झटक्यात तोडून टाकली. ‘हाइकेइ’ कागदावरच्या पत्राला शोभते. हॉटेलच्या फ्रंटवर, म्हणजे स्वागतकक्षात, सकाळी डझनभर मेल पाहणाऱ्या माणसाला ऋतूचे वर्णन नको असते. कोण, कधी, किती वाजता आणि काय हवे, एवढेच हवे असते. शिवाय मी तारीख १०/४ अशी लिहिली होती. जपानमध्ये आधी महिना आणि मग दिवस लिहितात, त्यामुळे तिकडे ते ४ ऑक्टोबर वाचले गेले असते आणि एप्रिलमधल्या थकलेल्या जोडप्याची ऑक्टोबरच्या यादीत शोधाशोध झाली असती. म्हणून ‘गात्सु’ आणि ‘का’ ही महिन्याची व दिवसाची अक्षरे लिहून तारीख पक्की केली.

शेवटी जो मेल गेला, तो येणेप्रमाणे होता. विषयाच्या ओळीत ‘१० एप्रिलच्या मुक्कामाविषयी, सामान ठेवणे व लवकर चेक-इन, आरक्षण क्रमांक अमुक’. मायना ‘फुरोन्तो गोतान्तोशा-सामा’, म्हणजे फ्रंटवरील संबंधित महोदयांस. मग ‘ओसेवा नि नारिमासु’, म्हणजे आपल्या देखभालीखाली येत आहोत. हे त्यांचे सा. न. वि. वि. समजावे. मग ‘शिगात्सु तोका योरी सान्पाकु दे योयाकु शिते ओरिमासु, कुरुकारुनी तो मोशिमासु’, म्हणजे १० एप्रिलपासून तीन रात्रींचे आरक्षण केलेला मी कुलकर्णी. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोहोचण्याचा बेत आहे. चेक-इनपूर्वी दोन सुटकेस ठेवून घेणे शक्य असेल का?

त्यानंतर नवा परिच्छेद, आणि त्यात दुसरी मागणी. या दोन मागण्या एका वाक्यात बांधू नयेत, असे भाचीने बजावले होते. सामान ठेवून घेणे हे हॉटेलला सोपे असते. पाटी बांधायची आणि बॅग मागे सरकवायची. लवकर खोली देणे मात्र आदल्या रात्रीचा पाहुणा दहा-अकराला निघतो की नाही आणि त्यानंतर सफाई कधी उरकते, यावर अवलंबून असते. दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या, तर अवघड गोष्टीच्या नकारात सोपीही बुडण्याची भीती असते. म्हणून लिहिले, ‘माता, मोशी ओहेया नो जुन्बी गा देकिते ओरिमाशितारा, हायामे नि चेक्कुइन सासेते इतादाकेमासु तो साइवाइ देसु.’ म्हणजे, जर खोली तयार झालेली असेलच, तर लवकर चेक-इन करू दिल्यास धन्य होऊ. जास्तीचे शुल्क लागत असल्यास कळवावे. ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु’, म्हणजे कळावे, लोभ असावा, ही विनंती.

सात वाक्ये. त्यांना तीन संध्याकाळी लागल्या.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. सामानाबद्दलचे वाक्य मला समजले, कारण तेथे ‘आझुकारी’ योग्य माणसाच्या तोंडी होते. खोलीबद्दल लिहिले होते, ‘जिझेन नो काकुयाकु वा इताशिकानेमासु.’ मी शब्द सोडवले. जिझेन म्हणजे आगाऊ, काकुयाकु म्हणजे पक्के वचन, इताशी म्हणजे करणे. आणि शेवटी ‘मासु’! नकार असता तर ‘मासेन’ असते, एवढे तर दुसऱ्या महिन्यातच कळते. म्हणजे आगाऊ पक्के वचन देत आहेत. मी विजयी मुद्रेने पत्नीला सांगितले की खोली दहाला मिळणार. तिने लगेच विमानातल्या झोपेचा बेत रद्द करून चित्रपट पाहण्याचे ठरवले.

भाचीने मधला ‘काने’ दाखवला. ‘कानेरु’ हे क्रियापद मागे जोडले, की ‘करावेसे वाटते, पण जमत नाही’ असा अर्थ होतो. नकाराचे एकही चिन्ह नसलेले, होकाराच्या पोशाखातले ते ठाम ‘नाही’ होते. असे सौजन्य मी फक्त लग्न जमवणाऱ्या मंडळींच्या ‘पत्रिका जुळत नाही’मध्ये पाहिले होते.

प्रत्यक्षात १० तारखेला दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही फ्रंटवर पोहोचलो. तेथल्या तरुणीने नाव ऐकताच यादीवर बोट ठेवले, बॅगांना क्रमांकाच्या पाट्या बांधल्या आणि त्यांचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला. खोली तयार नव्हती. पत्नी दोन चित्रपट पाहून आलेली असल्याने लॉबीतल्या खुर्चीत बसताक्षणी झोपली आणि मी तिच्या शेजारी, भारतातल्या पहाटेला साजेशा अवस्थेत, तिच्या पर्सची राखण करत बसलो. दीडच्या सुमारास ती तरुणी स्वतः आली आणि खोली तयार असल्याचे सांगून गेली. शुल्क घेतले नाही.

चौथ्या दिवशी परतीचे विमान संध्याकाळचे होते आणि खोली अकराला सोडायची होती. आता मेलची गरज नव्हती. तोंडी सांगायचे होते. मी बॅगा फ्रंटपाशी उभ्या केल्या, घसा साफ केला आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, ‘‘निमोत्सु ओ आझुकारीताइ देसु.’’

तरुणी क्षणभर थांबली. मग वाकून, ‘‘हाइ, ओआझुकारी इताशिमासु,’’ असे म्हणून तिने माझ्या दोन्ही बॅगा आत नेल्या.