कडी सहा वेळा आली म्हणून काय झालं?

«कविता सुधारायचे चार नियम, नवोदितांनी जपून ठेवा. 1) ओळ वाक्य पूर्ण होईल तिथेच तोडा आणि ओळी साधारण सारख्या लांबीच्या ठेवा. 2) एक प्रतिमा कवितेत एकदाच. दुसऱ्यांदा आली की काढून टाका. 3) वाचताना अडखळायला झालं की शब्द बदला, लय गुळगुळीत करा. 4) ‘आणि’, ‘पण’ गाळा. एलियटसारख्या कवीची कविताही अशीच निर्दयपणे कापली गेली, तेव्हा ती अजरामर झाली.»

हा मेसेज मला तीन जणांनी पाठवला, आणि तिन्ही वेळा मी तो वाचून सोडून दिला. मग भाचीने तिची कविता पाठवली. सोबत लिहिलं होतं, ‘मावशी, नियम लावून नीट केलीय, बघ ना.’ मी तिला आधी मूळ खर्डा पाठवायला सांगितला. तो असा होता:

आजोबा दाराशी येतात
कडी काढतात
आणि विसरतात
का.

आम्ही म्हणतो, कडी लावा.
ते कडी लावतात.
गंजलेली कडी, त्यांच्या आठवणींसारखी.
दिवसभर घरात कडीचा आवाज
आणि त्या आवाजाच्या मागे उभे आजोबा.

रात्री मी कडी काढते
आणि उभी राहते.
कुणी विचारलं तर
सांगता येणार नाही
का.

आणि ही ‘नीट केलेली’:

आजोबा दाराशी येऊन उभे राहतात
आठवणींसारखी गंजलेली कडी काढतात
कशासाठी काढली तेच विसरून जातात
आम्ही सांगितल्यावर दार लावून घेतात
दिवसभर घरभर तोच आवाज असतो
रात्री मीही तिथे कारण शोधत बसते

दोन्ही तिच्या परवानगीनेच इथे देतेय. दुसरी वाचून मला राग आला, तिचा नव्हे, त्या मेसेजचा. सगळ्यात जास्त नासधूस दुसऱ्या नियमाने केली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मूळ खर्ड्यात ‘कडी’ सहा वेळा येते. ती किती वेळा आली हे मोजून काहीच कळत नाही. प्रत्येक वेळी कडीला हात कुणाचा लागतो आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललं, हे पाहावं लागतं. मी कागदावर सहाही ‘कडी’ गोल केल्या आणि प्रत्येकीसमोर दोन-चार शब्द लिहिले. पहिली, आजोबा काढतात. दुसरी, घरातले हुकूम देतात. तिसरी, आजोबा मुकाट्याने लावतात. चौथी, कवयित्री कडीचा अर्थ सांगते. पाचवीत कडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. सहावीत कडीला नातीचा हात लागतो.

ही सहावी कडी म्हणजेच कविता आहे. तोवर आपण एका म्हाताऱ्या माणसाचं विसरणं लांबून पाहत असतो. सहाव्या कडीला ते विसरणं नातीच्या हातात येतं. आजोबांनी पहिल्या कडव्यात जे केलं तेच ती शेवटच्या कडव्यात करते, त्याच शब्दांत, म्हणूनच वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. नियमाने ही कडी काढली आणि तिच्या जागी ‘मीही तिथे कारण शोधत बसते’ आलं. कारण शोधणारी मुलगी शहाणी असते, तिचं डोकं जागेवर असतं. मूळ कवितेतल्या मुलीला आपल्याच हातांची भीती वाटते आहे. कवीचा हेतू बदलला तो असा, एका क्रियापदात.

आता दोन गोष्टी मान्य करते. चौथी कडी खरंच नको होती. ‘गंजलेली कडी, त्यांच्या आठवणींसारखी’ ही ओळ बाकीच्या पाच कड्यांनी जे दाखवलं तेच समजावून सांगते आणि वाचणाऱ्याला काही शोधायला ठेवत नाही. दुसरं म्हणजे ‘मागे उभे आजोबा’ मधला ‘उभे’. शेवटच्या कडव्यात ‘उभी राहते’ पहिल्यांदा ऐकू यायला हवं, आणि तो शब्द दुसऱ्या कडव्यातच खर्च होतो. म्हणजे पुनरावृत्ती घातक असू शकते, एवढं त्या मेसेजचं बरोबर. पण नियम लावून झालं काय ते बघा. जी कडी काढायला हवी होती तीच एकटी उरली, उपमा छान दिसते म्हणून, आणि ‘उभे’ तर उचलून थेट पहिल्या ओळीत बसवला. मोजून कापलं की असंच होतं, कारण मोजणाऱ्याला कोणती पुनरावृत्ती काम करते आहे हे दिसतच नाही.

आता ओळी तोडण्याबद्दल. मराठीत वाक्य बहुतेक वेळा क्रियापदावर संपतं. प्रत्येक ओळ वाक्याच्या शेवटी तोडली की ओळीमागून ओळ ‘राहतात, काढतात, जातात, घेतात’ अशी वाजू लागते, आणि कुणी न मागितलेलं यमक कवितेच्या गळ्यात पडतं. मूळ खर्ड्यातही ‘येतात, काढतात, विसरतात’ आहे, पण तिथे ते तिसऱ्या ओळीला थांबतं आणि खाली एकटं ‘का’ उरतं. रोजची सवय चालू असते आणि अचानक पायरी चुकते, तसं.

हे ‘का’ वरच्या ओळीला जोडून बघा. ‘आणि विसरतात का.’ आता हा सरळ हो-नाहीचा प्रश्न झाला, ते विसरतात की नाही. ‘सांगता येणार नाही का’ तर आर्जव वाटतं, जणू कुणीतरी गळ घालतंय. आपल्या भाषेत वाक्याच्या शेवटी चिकटलेलं ‘का’ प्रश्न करतं आणि सुटं पडलेलं ‘का’ कारण विचारतं. हा फरक इथे फक्त ओळ तोडल्यामुळे टिकून आहे. म्हणून कुणाच्या कवितेतल्या ओळी जोडायच्या आधी जोडलेलं वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघावं. अर्थ तोच राहिला तर ती तोड सजावटीची होती, खुशाल जोडा. अर्थ फिरला तर हात लावू नये.

सारख्या लांबीचं म्हणाल तर भाचीने ते इमानदारीने पाळलंय, प्रत्येक ओळ 15 ते 17 अक्षरांत बसवली आहे. मला यावर वाद घालायचाच नाही. हरिपाठातलं रोजचं ध्रुपद घ्या: ‘हरि मुखे म्हणा, हरि मुखे म्हणा, पुण्याची गणना, कोण करी’. अक्षरं मोजा, 6, 6, 6 आणि 4. शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा आहे आणि पहिला चरण जसाच्या तसा दुसऱ्यांदा आला आहे. मेसेजमधला पहिला आणि दुसरा नियम या चार चरणांना लावला तर एक चरण कापावा लागेल आणि एकात भर घालावी लागेल. तो तोकडा चरण म्हणजे श्वास घ्यायची जागा आहे, तिथे म्हणणारा टेकतो आणि पुन्हा ‘हरि मुखे’ उचलतो. भाचीच्या कवितेतलं एका अक्षराचं ‘का’ तेच काम मुक्तछंदात करतं.

लय गुळगुळीत करण्याचा सल्ला अर्धवट आहे. अडखळणं दोन प्रकारचं असतं आणि ते ओळखायला कविता दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, तीही त्याने आधी पाहिलेली नसताना. मी माझ्या शेजारणीला वाचायला दिली. ती दोन ठिकाणी अडखळली. एक, ‘कडी काढतात’, कारण तिथे क, ड, ढ एकमेकांवर आपटतात. दुसरी जागा ‘आणि त्या आवाजाच्या मागे उभे आजोबा’, तिथे तिला दम पुरेना. मग भाचीला तिचीच कविता फोनवर वाचायला लावली. पहिल्या जागी ती मुद्दाम सावकाश झाली, दुसऱ्या जागी तीही घाईत आली. पहिलं अडखळणं कडीचाच आवाज आहे, ते राहायला हवं. ‘दार उघडतात’ केलं असतं तर जीभ सुटली असती आणि कडी मुकी झाली असती. दुसरं मात्र नुसतं ओझं होतं. मी बदली शब्द सुचवला नाही, समासात फक्त ‘इथे दम लागतो’ असं लिहिलं. तिने स्वतःच ‘त्या’, ‘च्या’ आणि ‘उभे’ काढलं: ‘आणि आवाजामागे आजोबा’. आता ओळीत चार ‘आ’ लागोपाठ येतात आणि पावलं वाजल्यासारखी वाटतात. हे मला सुचलं नसतं.

‘आणि’ गाळण्याबद्दल एवढंच, की ‘आणि विसरतात’ आणि ‘आणि उभी राहते’ या दोन ओळी एकाच साच्यातल्या आहेत, म्हणून नात आजोबांसारखी वागते हे न सांगता कळतं.

राहता राहिला एलियट, आणि हे उदाहरण तर त्या मेसेजने अगदी उलटं वाचलंय. त्याची ‘द वेस्ट लँड’ ही कविता 1922 मध्ये छापली जाण्याआधी त्याचा कविमित्र एझ्रा पाउंड याने ती भरपूर कापली, हे खरं. ते हस्तलिखित पाउंडच्या खुणांसकट 1971 मध्ये प्रसिद्ध झालंय, कुणालाही पाहता येतं. चौथ्या भागात समुद्रप्रवासाचं लांबलचक वर्णन होतं, ते गेलं आणि शेवटी 10 ओळी उरल्या, फ्लेबस नावाच्या बुडालेल्या खलाशाच्या. एवढं कापलेलं पाहून एलियट खचला आणि त्याने पत्रातून विचारलं, मग फ्लेबसलाही काढू का? पाउंडने ठामपणे नको म्हणून कळवलं. कारण दिलं ते असं, की बुडालेला फिनिशियन खलाशी पहिल्या भागातल्या भविष्याच्या पत्त्यांमध्ये आधीच येऊन गेलाय, म्हणून तो जिथे आहे तिथेच हवा. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कापाकापीत संपादकाने एक प्रतिमा वाचवली ती दुसऱ्यांदा आली म्हणूनच. आणि ती काढायला खुद्द कवी तयार झाला होता.

भाचीचंही तसंच झालं होतं. नियमापुढे ती स्वतःची सहावी कडी द्यायला तयार झाली होती. म्हणून मी कुणाचीही कविता हातात घेतली की आधी एकच विचारते, वाचणारा शेवटी कुठे उभा असावा असं तुला वाटतं? ती चटकन म्हणाली, ‘दारात. माझ्या जागी.’ हे उत्तर हाताशी ठेवलं की काय कापायचं आणि काय नाही याचे बहुतेक वाद मिटतात.

आता कविता मूळ खर्ड्यासारखीच आहे, गंजलेली ओळ गेली आणि आजोबांची ओळ आखडली. शेवटी एकाच गोष्टीवर आम्ही अडलो. मला वाटत होतं की शेवटच्या ‘का’ नंतर प्रश्नचिन्ह हवं, नाहीतर काही जणांना तो प्रश्न आहे हेच कळणार नाही. मी समासात तसं लिहिलं. तिचा फोन आला. म्हणाली, ‘आजोबा विचारत नाहीत गं मावशी. ते नुसते थांबतात.’

मी समासातली खूण खोडली.