जेलवरचे पट्टे मोजण्याआधी

«जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये डीएनएचे तुकडे वजनाने वेगळे होतात. जड तुकडा खाली जातो, हलका वर राहतो. जितके पट्टे तितके तुकडे, आणि जो पट्टा ठळक ते तुकडे संख्येने जास्त.»

प्रॅक्टिकलच्या नोट्समध्ये हे वर्षानुवर्षं उतरवलं जातं आणि मुलं त्यावरच निष्कर्ष लिहितात, म्हणून नीट सांगावंसं वाटतं.

आधी वजनाचं. जेल टाकीत आडवं असतं, खाली बुडण्याचा प्रश्नच नाही. डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटवर ऋण भार असतो, म्हणून वीज सुरू केली की तुकडे वेलमधून, म्हणजे नमुना घालायच्या जेलमधल्या खाचेतून, धन टोकाकडे निघतात. लांब तुकड्यावर भार जास्त, पण ओढायचं अंगही तितकंच जास्त. त्यामुळे नुसत्या द्रावणात लहानमोठे सगळे जवळपास एकाच वेगाने जातात. फरक पाडते ती जेल ज्याचं बनतं त्या अ‍ॅगरोजची जाळी. आखूड तुकडा तिच्यातून चटकन वाट काढतो, लांब तुकडा अडखळतो. म्हणजे वेलपासून सर्वांत दूरचा पट्टा सर्वांत लहान तुकड्याचा.

पट्ट्यांच्या संख्येसाठी लॅम्बडा फेज या जिवाणूंवरच्या विषाणूचा डीएनए घेऊ. तो 48,502 बेस जोड्यांचा. हिंद-थ्री हे एन्झाइम त्याला सात ठिकाणी कापतं, तुकडे होतात आठ: 23,130, 9,416, 6,557, 4,361, 2,322, 2,027, 564 आणि 125. एक टक्का जेलवर मात्र सहा पट्टे स्पष्ट दिसतात, 564 चा फिका असतो आणि 125 चा बहुधा दिसतच नाही. उलटही घडतं: न कापलेला प्लाझमिड, म्हणजे जिवाणूतला गोल डीएनए, एकच असूनही दोन-तीन पट्टे देतो, कारण पीळ घट्ट असलेलं रूप पुढे पळतं आणि एका धाग्याला चीर गेलेलं सैल रूप मागे राहतं.

ठळकपणाचं उत्तरही याच लॅम्बडात आहे. प्रत्येक रेणूतून प्रत्येक तुकडा एकेकच निघतो, म्हणजे संख्या सारखी. पण पट्टे दाखवणारं इथिडियम ब्रोमाइड हे रंगद्रव्य बेस जोड्यांच्या मध्ये शिरून चमकतं, म्हणून चमक लांबीच्या प्रमाणात. वेलमध्ये 500 नॅनोग्रॅम घातला, तर 23,130 च्या वाट्याला सुमारे 238 नॅनोग्रॅम येतात, 564 ला जेमतेम 6 आणि 125 ला सव्वा.

म्हणून एका लेनमध्ये, म्हणजे एका वेलमधून निघालेल्या पट्ट्यांच्या रांगेत, वेल वर धरून पाहिलं तर वरून खाली चमक उतरत जायला हवी. मध्येच एखादा पट्टा वरच्यापेक्षा ठळक दिसला, तर तिथे सारख्या लांबीचे दोन तुकडे असण्याची शंका घ्यावी. लॅम्बडात 4,361 चा पट्टा 2,322 च्या पट्ट्यापेक्षा फिका दिसला, तर कारण वेगळं. फेजच्या दोन टोकांचे एकेरी धागे एकमेकांना पूरक असतात, त्यामुळे 4,361 चा तुकडा 23,130 ला चिकटून वरच राहतो. नमुना 65 अंश सेल्सिअसवर पाच मिनिटं तापवून लगेच बर्फावर ठेवा आणि मग वेलमध्ये घाला. 4,361 चा पट्टा जागेवर येतो.