बाळाच्या इंजेक्शनात ‘दुप्पट पाणी’ घालायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

“खूप महत्त्वाचं, सगळ्या ग्रुपवर पाठवा. बाळाला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर सिस्टरला सांगा: १) पावडरच्या बाटलीत दुप्पट पाणी घाला, औषध सौम्य होतं, आग होत नाही. २) बाटली जोरात हलवा, फेस आला म्हणजे औषध विरघळलं. ३) पाण्याची अँप्यूल नसेल तर कुठलंही सलाईन चालतं. ४) औषध पिवळं दिसलं तर खराब, फेकून द्या. ५) उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभर चालतं. लेबल लावायची गरज नाही, बाटलीवर नाव छापलेलं असतंच.”

ठाण्यात लहान मुलांच्या वॉर्डात मी वीसहून जास्त वर्षं सिस्टर म्हणून काम करते आहे. असे मेसेज रोज येतात आणि मी ते न वाचता पुढे जाते. हा मात्र ऐरोलीहून माझ्या भाचीने पाठवला आणि पाठोपाठ तिचा फोन आला. तिचं नऊ महिन्यांचं बाळ दोन दिवसांपूर्वी हॉस्पिटलमधून घरी आलंय, हाताला व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत बसवलेली नळी आहे, आणि उरलेले पाच डोस घरामागच्या नर्सिंग होममध्ये रोज सकाळी द्यायचे आहेत. “मावशी, उद्या सिस्टरना दुप्पट पाणी घालायला सांगू का गं? काल फार रडला तो.” रात्रीचे साडेदहा वाजले होते. ती सकाळी खरंच सांगणार होती, म्हणून हे लिहायला बसले.

बाळाचं वजन आठ किलो. औषध सेफ्ट्रायॅक्झोन, डोस किलोला ५० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला एकदा ४०० मिलिग्रॅम. मेडिकलमधून ५०० मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे पावडरची बाटली आणलेली. तिच्या डब्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. बहुतेक लोक तो डब्याबरोबर टाकून देतात, पण सगळी उत्तरं त्यातच असतात. शिरेतून द्यायचं असेल तर ५०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये ४.८ एमएल पाणी, असं सेफ्ट्रायॅक्झोनच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. पाच का नाही? दुधात साखर घातली की पातळी थोडी वर चढते. तसंच पावडरही विरघळल्यावर जागा घेते, इथे साधारण ०.२ एमएल. त्यामुळे ४.८ घातल्यावर व्हायलमध्ये बरोबर ५ एमएल औषध तयार होतं आणि प्रत्येक एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. ४०० मिलिग्रॅम हवे तर ४ एमएल ओढायचं. हिशेब इतका सरळ राहावा म्हणूनच तो आकडा ठरवलेला आहे.

आता भाचीने सांगितलं आणि नवख्या सिस्टरने ऐकलं, असं धरा. व्हायलमध्ये ९.६ एमएल पाणी गेलं. एकूण झालं ९.८ एमएल, त्यात तेच ५०० मिलिग्रॅम. केसपेपरवर कालच्या सिस्टरने ‘४ एमएल’ लिहून ठेवलंय, म्हणून ४ एमएल ओढलं. बाळाच्या शिरेत गेले जेमतेम दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे किलोला ५० ऐवजी २५. हे कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण सिरिंज तीच, रंग जवळपास तोच, रेघही तीच. लक्षात येतं ते तिसऱ्या दिवशी, ताप उतरत नाही तेव्हा. मग डॉक्टरांना वाटतं हे अँटिबायोटिक लागू पडत नाहीये, आणि बाळ आणखी वरच्या औषधावर जातं. जंतूंना अर्धवट मार मिळालेला असतो ते वेगळंच.

पाणी कमी पडलं तर उलटी चूक होते. माहितीपत्रकात स्नायूत द्यायच्या इंजेक्शनासाठी वेगळी ओळ असते, तिथे याच व्हायलला १.८ एमएल पाणी सांगितलेलं असतं. ते झालं एका एमएलमध्ये २५० मिलिग्रॅम. घाईत चुकून ती ओळ वाचली आणि शिरेच्या हिशेबाने ४ एमएल ओढायला गेलं, तर व्हायलमध्ये तेवढं औषध नसतंच, असेल तेवढं सगळं ओढलं जातं. सेफ्ट्रायॅक्झोनमध्ये तेवढ्याने बाळावर लगेच संकट येईल असं मी म्हणणार नाही, मेंदूज्वरात डॉक्टर मुद्दाम किलोला १०० पर्यंत देतात. पण तो निर्णय डॉक्टरांनी घेतलेला असतो. व्हायलमध्ये पाणी चुकलं म्हणून आपोआप झालेला नसतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती मान्य करावीच लागते. आग होते. स्नायूत सेफ्ट्रायॅक्झोन चांगलंच दुखतं, म्हणून तिथे डॉक्टर कधी कधी पाण्याऐवजी १ टक्का लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध वापरायला सांगतात. तसं कालवलेलं औषध शिरेत कधीही द्यायचं नाही, हे प्रत्येक सिस्टरला पाठ असलं पाहिजे. शिरेतही घाईने ढकललं तर बाळ रडतं. आणि औषध आणखी सौम्य करून देतात, हेही खरं. तान्ह्या बाळांना किलोला ५० किंवा त्याहून मोठा डोस असेल तर तो निदान अर्धा तास लावून सावकाश सोडायचा असतो. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हायलमध्ये माहितीपत्रकातलंच पाणी, मग मोजून ४ एमएल, आणि ते ४ एमएल बाहेर काढल्यानंतर त्यात १६ एमएल नॉर्मल सलाईन. झाले २० एमएल, त्यात ४०० मिलिग्रॅम पूर्ण. हे ब्युरेटच्या, म्हणजे मोजायच्या रेघा असलेल्या नळकांड्याच्या सेटमधून अर्ध्या तासात सोडलं की औषध सौम्यही झालं आणि डोसही शाबूत राहिला. पाणी वाढवायचं ते डोस मोजून झाल्यावर. व्हायलमध्ये वाढवलं की मोजमापच बिघडतं. भाचीला मी एवढंच सांगितलं, “अगं, सिस्टरना पाणी किती घालायचं ते सांगू नकोस, अर्धा तास लावून द्या एवढंच सांग.”

फेसाचा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण दिसायला तो निरुपद्रवी आहे. हलवल्याने सेफ्ट्रायॅक्झोन मोडत नाही, तशी भीती नको. पण फेस आला की त्यातले बुडबुडे सिरिंजमध्ये येतात आणि ४ च्या रेघेपर्यंत ओढलेल्यात थोडी हवाच असते. शिवाय फेसाखाली न विरघळलेली पावडर दिसत नाही. म्हणजे ‘फेस आला म्हणजे विरघळलं’ हे नेमकं उलटं आहे, फेस आला की विरघळलं का ते कळतच नाही.

मी करते ते असं. पाणी घालण्याआधी व्हायल बोटाने टिचकी मारून घ्यायची, म्हणजे तळाशी घट्ट बसलेली पावडर सुटी होते. रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं. पाच एमएलच्या सिरिंजवर दर ०.२ ला रेघ असते, त्यामुळे ४.८ मोजणं अवघड नाही. अँप्यूल ५ एमएलची असते म्हणून सगळी ओतायची नाही. पाणी पावडरीवर फवारायचं नाही, काचेच्या आतल्या बाजूने सोडायचं. पाणी आत जाताना हवा दाबली जाते, म्हणून सुई बाहेर काढण्याआधी तेवढी हवा सिरिंजमध्ये परत येऊ द्यायची, नाहीतर सुई काढताना औषध उडतं. मग व्हायल दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, हलकेच उलटसुलट करायची. सेफ्ट्रायॅक्झोन पटकन विरघळतं. शेवटी उजेडासमोर धरून बुचाखाली आणि तळाच्या कडेला बघायचं, गाठी तिथेच लपतात. बुडबुडे दिसले तर थोडा वेळ टेबलावर ठेवायची. कण तरंगताना दिसत असतील तर ती व्हायल वापरायची नाही.

‘कुठलंही सलाईन’ हे तर धोकादायक आहे. स्टराइल वॉटर किंवा नॉर्मल सलाईन चालतं. रिंगर लॅक्टेट चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम असतं आणि सेफ्ट्रायॅक्झोनबरोबर त्याचा साका बनतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, आणि त्यामागे नवजात बाळांचे मृत्यू होते. दोन्ही बाटल्या स्टँडवर सारख्याच दिसतात, म्हणून नाव वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.

रंगाबद्दल एवढंच: तयार सेफ्ट्रायॅक्झोन फिकट पिवळं असतंच. ते बघून कोणी औषध फेकलं तर बाळाचा डोस बुडेल. गढूळ दिसलं तर मात्र फेकायचं.

महिनाभर फ्रिजमध्ये? माहितीपत्रकं याबाबत सारखी नाहीत. काहींत पाण्यात कालवलेलं औषध फ्रिजमध्ये दहा दिवस टिकतं असं लिहिलंय, काहींत एकच दिवस. पण दहा दिवस म्हणजे औषधाचा जोर टिकतो एवढंच. या व्हायलमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून काहीही घातलेलं नसतं. एकदा बुचातून सुई गेली की आत काय गेलं हे फ्रिज सांगत नाही, तोही घरचा, दिवसातून तीसदा उघडणारा, कोथिंबिरीशेजारचा. बाळाच्या डोसनंतर उरतं १ एमएल. ते वाचवून काय मिळणार? फेकायचं.

आणि लेबल. एका नर्सिंग होममध्ये मी नातेवाइकाबरोबर गेले होते, तिथे फ्रिजच्या दारात झाकण काढलेल्या दोन व्हायल उभ्या होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच औषधाच्या. एकीत पाणी शिरेच्या हिशेबाने घातलेलं होतं की स्नायूच्या, कधी घातलं होतं, कोणी घातलं होतं, काही कळायला मार्ग नव्हता. छापील नाव दोन्हींवर होतं आणि ते कामाचं नव्हतं. तिथल्या सिस्टरने वासावरून किंवा आठवणीवरून ठरवायचा प्रयत्न केला नाही, दोन्ही टाकल्या, तिचं बरोबर होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित इंजेक्शनांबद्दलच्या २०१० च्या पुस्तिकेत, एकाहून जास्त डोस काढायच्या व्हायलवर पावडर कालवल्यावर काय लिहायचं ते स्पष्ट दिलंय: तयार केल्याची तारीख आणि वेळ, कुठलं पाणी किती घातलं, एका एमएलमध्ये किती औषध झालं, कधीपर्यंत वापरायचं, आणि कोणी तयार केलं त्याची सही. एका डोसच्या व्हायललाही मी तेच लावते, कारण अर्ध्या मिनिटात दारावर कोणी हाक मारतं आणि टेबलावर दोन बाळांच्या व्हायल असतात.

भाचीला मी कागदी चिकटपट्टीवर लिहायचा मजकूर फोनवर सांगितला: “सेफ्ट्रायॅक्झोन ५००. स्टराइल वॉटर ४.८ एमएल. १ एमएल = १०० मिलिग्रॅम. तारीख, वेळ. लगेच वापरणे, उरलेलं टाकणे. सही.” सकाळी तिने पट्टी आणि डब्यातला कागद दोन्ही नेले. तिथल्या सिस्टरने कागद वाचला, ४.८ मोजलं, ४ एमएल काढून सलाईनमध्ये मिसळलं आणि अर्धा तास लावून सोडलं. बाळ सुई लावताना रडलं, नंतर झोपलं.