थाळीने आठवडा बुडत नाही, क्रम चुकला तर चार दिवस बुडतात

«एकदा अनलिमिटेड गुजराती थाळीला बसलात की आठवडाभराची मेहनत पाण्यात. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर असतोच. जायचंच असेल तर सकाळपासून काही खाऊ नका, म्हणजे हिशोब जमतो. आणि आधी काय, नंतर काय, याने काही फरक पडत नाही. पोटात सगळं एकच होतं.»

असं बरेच जण सांगतात. आधी काट्याचं बघू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दीड किलो चरबी चढायला रोजच्या गरजेच्या वर साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात, आणि एका जेवणात ते कुणालाच जमत नाही. काटा वर जातो तो पाण्यामुळे. डाळ, कढी, फरसाण यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं. भात-पोळीपासून बनलेली साखर शरीरात साठते तीही दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी घेऊन. शिवाय न पचलेलं अन्न आतड्यात असतंच. दोन-चार दिवस नेहमीचं जेवण घेतलं की हे वजन उतरतं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावरून काही ठरवू नये.

पण थाळी निरुपद्रवी आहे असंही नाही. समजा, रोज 500 कॅलरी कमी खाऊन कुणी आठवड्यात 3,500 ची तूट करतंय आणि रविवारी बडोद्याच्या अलकापुरीत थाळीला गेलं. कचोरी आणि अळूचा पात्रा 250, तूप लावलेले चार फुलके 440, दोन पुऱ्या 200, दोन वाट्या उंधियू 350, कडधान्याचं वाटीभर कठोळ 150, डाळ-कढीच्या मिळून चार वाट्या 250, दोन वाट्या श्रीखंड 500, शेवटी तूप घातलेली खिचडी 300, दोन ग्लास ताक 80. अंदाजे अडीच हजार झाले. घरचं जेवण 500 चं धरलं तर 2,000 जास्त, म्हणजे चार दिवसांची तूट गेली.

सकाळपासून उपाशी राहिल्याने यातलं फार काही वाचत नाही, उलट बिघडतं. थाळीत सर्वांत आधी येतं ते फरसाण आणि गोड. कडकडून भूक लागलेली असेल तर हात तिकडेच जातो आणि पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत कचोऱ्या संपतात. त्यापेक्षा सकाळी नेहमीचा नाश्ता करावा आणि शक्यतो दुपारच्या जेवणाला जावं, म्हणजे रात्री भूक असेल तेवढंच खाता येतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपास करून जाणं धोक्याचंच.

आता क्रम. भाजी आणि प्रथिनं आधी, पोळी-भात नंतर घेतला तर जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, हे न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2015 साली मधुमेहींच्या एका लहान गटात दाखवलं. त्याने कॅलरी नाहीशा होत नाहीत. वजनासाठीचा फायदा वेगळा आहे: तुपातलं आणि गोड खायची वेळ येईपर्यंत भूक निम्मी झालेली असते.

म्हणून आधी कोबी-गाजराचा संभारो, कचुंबर आणि ग्लासभर ताक. मग वाटीभर कठोळ आणि वाटीभर हिरवी भाजी, तीही पोळीशिवाय चमच्याने. यात दहा मिनिटं जाऊ द्यावीत. त्यानंतर दोन कोरे फुलके आणि वाटीभर डाळ. फुलके येण्याआधीच «घी वगरनी रोटली» असं सांगावं, कारण तूप स्वयंपाकघरातच लावून येतं. ताटात पडल्यावर सांगून उपयोग नाही. फरसाणातला पात्र्याचा एक तुकडा घ्यावा, तळलेलं सोडावं. शेवटी अर्धी वाटी खिचडी, अर्धी वाटी कढी आणि अर्धी वाटी श्रीखंड. हे सगळं साधारण 950 कॅलरींत बसतं. जास्तीचे 450, म्हणजे एका दिवसाच्या तुटीपेक्षाही कमी.

हे फसतं ते वाढप्यापाशी. रिकामी वाटी दिसली की तो भरतो, ते त्याचं कामच आहे, आणि आग्रह तर बडोद्यात असतोच. म्हणून श्रीखंडाची वाटी संपवून टाकू नये. तळाशी चमचाभर राहू द्यावं आणि तो आला की वाटीवर हात धरावा. नको असलेल्या पदार्थांच्या वाट्या बसल्याबरोबर उचलून न्यायला सांगाव्यात. पुरी एक आली की पाठोपाठ दुसरी येते, तेव्हा पहिलीलाच नाही म्हणणं सोपं.

बुफेत वाढपी नसतो, पण चवी वाढल्या की खाणं वाढतं. ताट न घेता एक फेरी मारून कोणते चार पदार्थ घ्यायचे ते ठरवावं, पहिल्या ताटात फक्त भाजी आणि पनीर किंवा डाळ घ्यावी, आणि गोडासाठी उठताना ताट नव्हे, वाटी घेऊन जावं.