धोंडस, पंखा आणि ‘२५ अंश कमी करा’

“ओटीजीची रेसिपी कन्व्हेक्शनमध्ये करताय? तापमान २५ अंशांनी कमी करा आणि वेळही पाव हिश्शाने कमी करा. पंख्यामुळे उष्णता सगळीकडे सारखी असते, म्हणून टिन कुठेही ठेवा, भांडं कुठलंही चालतं. कुठल्याही पदार्थाला हाच नियम!”

सध्या फिरणारा हा मेसेज. ओटीजी म्हणजे पंखा नसलेला साधा ओव्हन आणि कन्व्हेक्शन म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा. मेसेजमधल्या आकड्यापासून सुरुवात करते. हा २५ अमेरिकी स्वयंपाकघरातून आलेला आहे आणि तिथे ओव्हनचं तापमान फॅरेनहाइटमध्ये मोजतात. ३५० फॅरेनहाइटची रेसिपी पंख्याच्या ओव्हनमध्ये ३२५ वर करा, असं ते सांगतात. आपल्या मापात ३५० म्हणजे साधारण १७७ आणि ३२५ म्हणजे १६३. फरक झाला जेमतेम १४ अंशांचा. आपल्या मशीनवर सेल्सिअस असतं, तिथे थेट २५ कमी केले तर फॅरेनहाइटच्या हिशेबाने ४५ अंश कमी होतात. ब्रिटिश पुस्तकांत सेल्सिअसमध्येच ‘१८०, पंखा असेल तर १६०’ असं छापलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे १५ ते २० अंश कमी करणं योग्य. बहुतेक कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये तापमान दहा-दहा अंशांनीच बदलतं, म्हणून १८० ची रेसिपी मी १६० वर लावते.

आता दुसरी गोष्ट, आणि खरा घोटाळा इथेच आहे. तापमान कमी करणं आणि वेळ कमी करणं हे एकाच गोष्टीचे दोन पर्याय आहेत. एक निवडायचा असतो. पंखा करतो काय, तर पदार्थाभोवती थोड्या थंड, ओलसर हवेचा जो पातळ थर साचून असतो, तो सतत हटवतो. त्यामुळे त्याच तापमानाला पदार्थाच्या पृष्ठभागावर जास्त उष्णता पोचते. तेवढी उष्णता नको असेल तर तापमान उतरवायचं आणि वेळ जवळपास तीच ठेवायची. किंवा तापमान तेच ठेवायचं आणि पदार्थ लवकर बाहेर काढायचा.

तापमानातली ही घट किती मोठी असते ते एकदा मोजून बघा. ओला पदार्थ भाजत असताना त्याचा पृष्ठभाग बराच वेळ १०० अंशांच्या आसपास असतो, कारण पाणी वाफ होऊन जात असतं. हवा १८० ला असेल तर दोघांतला फरक ८०. हवा १५५ ला आणली तर फरक ५५. मशीनवरचा आकडा थोडासाच उतरला, पण उष्णतेला आत ढकलणारा जोर जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटला. त्यावर वेळही पाव हिश्शाने कापली, तर पदार्थाला मिळणारी एकूण उष्णता निम्म्यावर येते. ही तूट भरून काढायची तर पंख्याने दुप्पट वेगाने उष्णता द्यायला हवी. हा हिशेब ढोबळ आहे, पण पदार्थ कच्चा का राहतो ते त्यातून कळतं.

आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी त्याचं काम पृष्ठभागापर्यंतच. तिथून पुढे मध्यापर्यंत उष्णता पदार्थातूनच, हळूहळू सरकत जाते. त्या वाटेवर पंख्याचं काही चालत नाही. म्हणून ‘कुठल्याही पदार्थाला हाच नियम’ हे सगळ्यात चुकीचं वाक्य आहे. नानखटाई पातळ असते, तिचा मध्य पृष्ठभागापासून फार लांब नाही. साध्या ओव्हनमध्ये १८० वर १८ मिनिटं घेणारी नानखटाई पंख्यात १६० वरही १४-१५ मिनिटांत होऊ शकते, म्हणून तेराव्या मिनिटापासून तिच्यावर नजर ठेवावी लागते. दीड-दोन इंच उंचीच्या केकला मात्र तापमान उतरवल्यावर वेळ फारशी कमी करता येत नाही. आणि ज्या भांड्यावर घट्ट झाकण किंवा फॉइल आहे, त्याच्या आत पंख्याचा वारा शिरतच नाही. तिथे तापमान न बदलता मूळ रेसिपीच पाळणं बरं.

आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, निघाल्या की वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात घरोघरी धोंडस होतं, म्हणजे काकडी, गूळ आणि तांदळाच्या रव्याचा केक. पूर्वी पातेल्याखाली निखारे आणि वर झाकणावरही निखारे ठेवून ते भाजायचे. आता बऱ्याच घरांत कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आले आहेत, आणि हा मेसेज आल्यापासून शेजारणींच्या तक्रारी सुरू झाल्या. “वैनी, वयर लाल झालां, पण भितूर रवो कच्चोच रवलो.” हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण तवसं किसण्यापासून रवा भाजण्यापर्यंतची सगळी मेहनत बरोबर झालेली असते. बिघडतं ते शेवटच्या पाऊण तासात.

तेव्हा धोंडसाचंच उदाहरण घेऊ. सात इंची ॲल्युमिनियमच्या टिनसाठी दीड वाटी तांदळाचा रवा तुपावर भाजलेला, पाण्यासकट तीन वाट्या तवशाचा कीस, सव्वा वाटी गूळ, पाऊण वाटी ओलं खोबरं, वेलची आणि मीठ. कीस आणि गूळ गॅसवर उकळून त्यात रवा आणि खोबरं घालायचं, मिश्रण घट्ट होईपर्यंत ढवळायचं. तूप लावलेल्या टिनमध्ये थापलं की साधारण दीड इंच उंची होते. वरखाली रॉड असलेल्या, पंखा नसलेल्या ओटीजीत हे १८० वर सुमारे ५० मिनिटं घेतं.

मेसेजप्रमाणे केलं तर ते १५५ वर ३७ मिनिटं भाजलं जाईल. मध्यभाग नीट तापायच्या आतच ते बाहेर येईल. फसगत अशी की गुळामुळे धोंडस मुळातच तांबूस असतं, त्यात वरचा थर पंख्याच्या वाऱ्याने सुकून चकाकतो. पांढऱ्या साखरेच्या केकमध्ये रंग थोडाफार खरं सांगतो, गुळाच्या पदार्थात तो अजिबात सांगत नाही. कापल्यावर मध्ये ओली, पिठूळ रेघ दिसते आणि रवा दातांखाली कचकचतो.

मी ते असं करते. मशीन ‘कन्व्हेक्शन’ मोडवर, १६० ला लावून तापवते. कॉम्बिनेशन मोड नाही, कारण त्यात मायक्रोवेव्ह लहरीही चालू असतात. तिथे वेळेचं गणित संपूर्ण वेगळं होतं आणि धातूचा टिन घालणं धोक्याचं असतं. प्रीहीटची शिटी वाजली म्हणजे हवा तापली, भिंती अजून तापायच्या असतात, म्हणून आणखी दहा मिनिटं थांबते. पावसाळ्यात तर जास्तच थांबते. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १९० व्होल्ट मिळत असतील तर हीटरची ताकद सुमारे दोन तृतीयांशावर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. स्क्रीनवर आकडा तोच दिसतो, पण तिथे पोचायला आणि दार उघडल्यावर परत चढायला मशीनला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून पहिली चाळीस मिनिटं मी दार उघडतच नाही. काचेतूनच बघते.

चाळिसाव्या मिनिटाला तीन गोष्टी तपासते. कडा टिनपासून सुटल्या आहेत का, मध्यावर बोटाने दाबलं तर ते खचतं की परत वर येतं, आणि मध्ये खुपसलेल्या सुरीला ओलं पीठ चिकटतं का. गुळाचा किंचित चिकटपणा लागला तर चालतं, पांढरट लगदा लागला तर नाही. घरात टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्य ९६-९७ अंशांच्या पुढे गेलेला हवा. बहुतेक वेळा ४५ ते ५० मिनिटं लागतात. म्हणजे वेळ जवळजवळ मूळचीच, बदललं ते फक्त तापमान. कापायचं पूर्ण गार झाल्यावर. गरम असताना पक्कं भाजलेलं धोंडसही सुरीला ओलसर लागतं आणि उगाच शंका येते.

टिन ठेवण्याच्या जागेबद्दलही बोलायला हवं. पंख्याने हवा खेळती राहते हे खरं, पण ती टिनच्या सगळ्या बाजूंनी खेळायला वाट हवी ना! पुष्कळ कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये खाली रॉड नसतो. हीटर आणि पंखा मागे किंवा बाजूला असतो. टिन थेट काचेच्या फिरत्या ताटलीवर ठेवला तर तळाशी वारा जात नाही आणि धोंडसाचा बूड फिकट, ओलसर राहतो. उंच जाळीवर ठेवला तर वरचा भाग छताजवळ जाऊन आधी करपतो. म्हणून बुटकी जाळी, टिन मधोमध, आणि भिंतीपासून चारी बाजूंना निदान एक इंच मोकळी जागा. जाळीवर फॉइल अंथरू नका, त्याने खालचा वारा बंद होतो. नऊ इंची टिन कसाबसा आत कोंबून, तो फिरताना भिंतीला घासत असेल तर पंखा असून नसल्यासारखाच आहे.

भांडं कुठलंही चालतं, हेही मला पटत नाही. ॲल्युमिनियमचा पातळ टिन लगेच तापतो. जाड काच हळू तापते आणि मग उष्णता बराच वेळ धरून ठेवते, सिलिकॉनमधून उष्णता आणखी सावकाश जाते. याच मिश्रणाला सिलिकॉनच्या साच्यात ५० मिनिटं पुरतीलच असं नाही, आणि तळाला खरपूसपणा येत नाही तो वेगळाच. धोंडसाची अर्धी गंमत त्या खरपूस बुडातच आहे.

तापमान तेच ठेवून वेळ कमी करण्याचा पर्याय मी कधी वापरते? बाहेरून कुरकुरीत हवं आणि पदार्थाची जाडी कमी असेल तेव्हा. काजूगर भाजायचे असतील, बटाट्याच्या किंवा सुरणाच्या फोडी तेल लावून भाजायच्या असतील, तर मूळ तापमान ठेवते आणि तीन चतुर्थांश वेळ झाली की बघायला लागते. काजूला त्याच्याही आधी, कारण रंग यायला लागल्यावर तो करपायला दोन मिनिटंही पुरतात.

आणि इतकं करूनही धोंडस वरून गडद होऊ लागलं पण सुरीला लगदा लागतोय, असं झालं तर तापमान वाढवू नका. वाढवलेली उष्णता आधी वरच्या थरालाच लागते. टिनवर फॉइल कडांना घट्ट दुमडून बसवा, नाहीतर पंखा ते उडवतो, आणि ते भिंतीला लागणार नाही एवढं पाहा. मग १६० वरच आणखी दहा मिनिटं ठेवून परत सुरी घाला. पुढच्या वेळी त्याच मशीनला, त्याच टिनला ५५ मिनिटं लावा आणि रेसिपीच्या वहीत तो आकडा टिनच्या मापासकट लिहून ठेवा.